नापास होणं परवडणारा मुलगा

'कोसला'वरच्या चर्चेच्या पहिल्याच बैठकीत मंठ्याकडच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "सर, ह्याला घरून पैसे कोण पाठवायलंय?" मी त्या दिवशी पांडुरंग सांगवीकरच्या एकटेपणावर बोलायची तयारी करून गेलो होतो. टिपणाचे दोन कागद खिशात होते. ते खिशातच राहिले. पुढचे चार महिने आमचं वाचनमंडळ त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं. या पुस्तिकेतली सगळी टिपणं त्या प्रश्नातून निघाली आहेत. ती का निघाली आणि कशी वाचावीत, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आमचं कॉलेज जालना जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. मंडळात कधी नऊ मुलं असायची, कधी चौदा. शनिवारी दुपारी तास संपले की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसायचं आणि शेवटची एसटी गाठायला साडेचारला उठायचं. ग्रंथालयात कादंबरीच्या दोनच प्रती होत्या. त्यामुळे बराचसा मजकूर एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, असं झालं. ही अडचण पुढे आमच्या कामी आली. ऐकताना पान उलटून पुढे पळता येत नाही, आणि कोण कुठे हसतं, कोण कुठे गप्प होतं, हे सगळ्यांना दिसतं.

पुस्तकाची ओळख थोडक्यात करून देतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. लेखक तेव्हा पंचविशीत होते. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीत जन्म, पुण्यात फर्ग्युसन आणि डेक्कन कॉलेजात शिक्षण. पुढे त्यांनी अनेक ठिकाणी शिकवलं, त्यात औरंगाबादचं आपलं विद्यापीठही आहे. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. कादंबरीचा नायक पांडुरंग खानदेशातल्या खेड्यातून शिकायला पुण्याला जातो, वसतिगृहात राहतो, कॉलेजच्या मंडळांत मिरवतो, कर्जात बुडतो, परीक्षेत अपयश घेतो आणि शेवटी गावी परततो. कथानक विचाराल तर एवढंच आहे.

असल्या कादंबऱ्यांचा एक ठरलेला साचा युरोपात तयार झाला होता. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'चा नायक व्यापाऱ्याचा मुलगा. तो घर सोडतो, नाटकवाल्यांत भटकतो, चुकतो, शिकतो आणि शेवटी समाजात आपली जागा मिळवतो. ही कादंबरी १७९५-९६ ची. पोरगा बाहेर पडला आणि माणूस होऊन परतला, असा तो साचा. 'कोसला'त पोरगा बाहेर पडतो आणि काहीच न होता परततो. नाव वाचूनच ते कळायला हवं. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश, आणि कोशातून फुलपाखरू निघेलच अशी हमी ही कादंबरी देत नाही. समीक्षेत इथून पुढे परात्मता, अस्तित्ववाद असे शब्द येतात. आमच्या मंडळात ते शब्द परीक्षेच्या गाइडातून आले होते. म्हणून पहिल्याच महिन्यात आम्ही एक नियम केला. जे वाक्य पुस्तक न उघडता बोलता येतं, ते मंडळात बोलायचं नाही. बोलणाऱ्याने आधी पान दाखवायचं. या नियमाने निम्मी चर्चा बंद पडली. उरलेली मात्र खरी झाली.

मग पैसे कोण पाठवतं? वडील पाठवतात. पांडुरंगचे वडील गावातले वजनदार, जमीनजुमला असलेले, धार्मिक आणि हुकमी गृहस्थ आहेत. मुलाचं त्यांच्याशी पटत नाही. त्यांच्या व्यवहारातली कठोरता त्याला दिसते, गावातलं त्यांचं वजन त्याला टोचतं. पण पुण्यात त्याच्या खिशात जो पैसा असतो तो याच वजनातून आलेला असतो. आम्ही एक वही घातली. पानाला तीन रकाने पाडले. पहिल्यात पैसा कुठून आला, दुसऱ्यात कुठे गेला, आणि तिसऱ्यात त्यासाठी कोण राबलं. वाचताना पैशाचा उल्लेख आला की तो वहीत चढवायचा. पहिले दोन रकाने भराभर भरत गेले. तिसरा जवळजवळ कोराच राहिला. ज्यांच्या राबण्यावर ते घर उभं आहे ती माणसं पुण्याच्या प्रकरणांत दिसतच नाहीत. शेतातल्या कापसापासून वसतिगृहातल्या चहापर्यंतचा रस्ता नायकाच्या नजरेआड राहतो. तो कोरा रकाना हीच आमच्या मुलांना कादंबरीतली वर्गाची पहिली खूण वाटली.

या वहीचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो मेसच्या प्रसंगांना. पांडुरंग वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात खड्ड्यात जातो. मी हा भाग आजवर विनोद म्हणून शिकवत आलो होतो. आमच्यातल्या तिघांनी समाजकल्याणच्या किंवा खासगी वसतिगृहांत वर्षं काढली होती. ते हसले नाहीत. मेस कशी बुडते ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं.

मुलांनी चालवलेल्या मेसचं गणित साधं असतं. महिन्याचा एकूण खर्च काढायचा, तो जेवणाऱ्यांच्या डोक्यांवर वाटायचा, आणि जो गावी गेला असेल त्याचे खाडे वजा करायचे. हिशेब महिना संपल्यावर होतो आणि किराणा मात्र महिना सुरू होताना लागतो. म्हणजे मधले तीस दिवस कोणाच्या तरी उधारीवर चालतात. दुकानदार उधारी मेसला देत नाही, मेस सांभाळणाऱ्या मुलाच्या नावावर देतो. मग गळती सुरू होते. कोणी पाहुणा आणतो आणि त्याची नोंद करत नाही. कोणी खाडे जास्त लावून घेतो. स्वयंपाकी तेल-तांदूळ घरी नेतो. रविवारच्या गोडधोडाचा खर्च अंदाजाबाहेर जातो. आणि महिन्याच्या शेवटी चार-पाच जण बिल भरायचं टाळतात. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. पण महिन्याचं एकूण बिल वाटून घेतलेलं असतं, त्यामुळे ज्याने भरलं नाही त्याचा भाग कोणावरच पडत नाही. तो कारभाऱ्याच्या उधारीत जाऊन बसतो. कारभारी कडक असेल तर ताट बंद करतो. भिडस्त असेल तर बुडतो.

एक मुलगी म्हणाली, "भिडस्त असणं पण परवडायला लागतंय ना, सर." आमच्या चर्चेची कडी तिथे जुळली. पांडुरंग मित्रांना पैशावरून बोलू शकत नाही, कारण पैशावरून बोलणं त्याला हलकं वाटतं. हा त्याचा स्वभाव आहे, पण हा स्वभाव एका घरात घडलेला आहे. उधारी अंगावर आली की पुण्याला दोन गोष्टी येतात, वडिलांचा राग आणि वडिलांचाच पैसा. ज्याच्या मागे दुसरी गोष्ट यायची नसते तो मुलगा मेसचा कारभार मुळात घेतच नाही, आणि घेतला तर पहिल्याच आठवड्यात ताट बंद करतो. पांडुरंगचं औदार्य, त्याची बेफिकिरी, पैशाबद्दलचा तिटकारा आणि शेवटी त्याचं नापास होणंही घरच्या जमिनीवर उभं आहे. तो परत येतो तेव्हा घर असतं, ताट असतं. पगार किती आणलास असं विचारायची त्या घराला गरज नसते.

मी हे दोष म्हणून सांगत नाही. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'शी 'कोसला'ची तुलना नेहमी होते. ती कादंबरी १९५१ ची. तिच्यातला होल्डन एका महागड्या शाळेतून दुसरीत जात राहतो आणि प्रत्येक ठिकाणी नापास होतो. त्याचंही नापास होणं कोणीतरी भरत असतं. शिक्षणाचा पोकळपणा दिसायला त्यातून अंग काढून घेण्याची सोय लागते. पांडुरंगला ती सोय होती म्हणूनच त्याला व्याख्यानं, स्नेहसंमेलनं आणि परीक्षा यांचं सोंग इतकं स्वच्छ दिसलं. सोयीमुळे त्याची नजर खोटी ठरत नाही. ती कुठून पाहते, तेवढं मात्र कळतं.

याच्या शेजारी आमच्या मंडळातला एक मुलगा ठेवून पाहा. दिवाळी झाली की त्याचे आई-वडील कोयता घेऊन साखरपट्ट्यात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि कॉलेजची फी त्या उचलीतून भरलेली असते. म्हणजे अजून तोडायच्या उसावर तो शिकतो आहे. त्याने लिहिलेलं टिपण या पुस्तिकेत तिसरं आहे. पांडुरंगला खर्च झालेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो आणि आपल्याला अजून न मिळवलेल्या पैशाचा द्यावा लागतो, असा त्याचा मुद्दा आहे. त्याचं वर्ष वाया गेलं तर शिष्यवृत्ती अडते आणि पुढच्या हंगामात घरातून तिसरा माणूस ऊसतोडीला जातो. एकदा एका विषयात एटीकेटी लागली तेव्हा त्याने ती घरी सांगितली नव्हती. पांडुरंगचं अपयश वाचताना त्याला हसू आलं नाही, रागही आला नाही. तो एवढंच म्हणाला, "ह्याला घाई नव्हती."

त्या काळाची थोडी माहिती नसेल तर ही घाई नुसती भावनिक वाटेल. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. पुण्यात फर्ग्युसन कॉलेज १८८५ पासून होतं. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय १९५० साली निघालं आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली. 'कोसला' लिहिली गेली तेव्हा आपलं विद्यापीठ जेमतेम पाच वर्षांचं होतं. मिलिंदमध्ये त्या वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली दलित मुलं शिकत होती. त्यांच्या घरातलं ते पहिलंच कॉलेज होतं. साठच्या आसपास बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना फीची सवलत सुरू झाली आणि ग्रामीण भागातली कितीतरी मुलं ईबीसीच्या फॉर्मवर कॉलेजात शिरली. म्हणजे ज्या दशकात पांडुरंग शिक्षणातून मनाने बाहेर पडत होता, त्याच दशकात हजारो मुलं त्यात पहिल्यांदा आत येत होती. शिक्षण पोकळ आहे, हे आत येणाऱ्याला सांगून चालत नाही. त्याला आधी आत यायचं असतं. हे दोन अनुभव एकाच काळाचे आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. 'कोसला'ने पहिला लिहिला. दुसरा पुढे दलित आत्मकथनांनी लिहिला, आणि तिथे नापास होण्याची भीती ही भुकेच्या भीतीजवळ राहते.

मुलींनी वेगळाच धागा पकडला. पांडुरंगला बहिणी आहेत. वहीत बहिणींच्या शिक्षणावरचा खर्च शोधला तर रकाना रिकामा. मुलगा पुण्यात जो वेळ आणि पैसा उधळतो तो त्याच घरातल्या मुलींच्या वाट्याचाही होता, हे कादंबरी कुठे सांगत नाही, पण लपवतही नाही. आमच्या मंडळातल्या पाच मुलींपैकी तिघींच्या घरी लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्यातल्या एकीने लिहिलं आहे की घरात मला अजून एक वर्ष मिळालंय, तेच माझं पुणं. मी त्या वाक्याला हात लावलेला नाही.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथे मी चुकलो होतो. पांडुरंग 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द सतत वापरतो. मी वर्षानुवर्षं याला नायकाची लकब म्हणत आलो. मोठ्याने वाचताना मुलांना ते वेगळं ऐकू आलं. 'उदाहरणार्थ' हा वर्गातल्या मास्तरांचा शब्द आहे, व्याख्यानातला, निबंधातला. पांडुरंग तो नको त्या जागी ठेवतो. आणि जिथे शहरी वक्ता मुद्दा पूर्ण करून टाळी घेईल, तिथे हा 'वगैरे' म्हणून खांदे उडवतो. शिक्षणाने दिलेले शब्द तो शिक्षणाच्याच अंगावर टाकतो. पण मुलांनी आणखी एक पाहिलं. हा खेळ करायला प्रमाण मराठी आधी पुरती हातात असावी लागते. "आम्ही 'करायलो, जायलो' म्हणतो तेव्हा कोणी त्याला शैली म्हणत नाही," असं एक जण म्हणाला. पुण्याच्या मुलाखतीत त्याच्या 'कामून'ला लोक हसले होते. एकच मोडतोड एकाच्या तोंडी प्रयोग ठरते आणि दुसऱ्याच्या तोंडी चूक. कोणाच्या तोंडी काय ठरतं, हे शब्दावर नाही, बोलणाऱ्याच्या मागे काय उभं आहे त्यावर ठरतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही एका मोठ्या कादंबरीचा जमाखर्च मांडला. ती भीती मलाही होती. ती मनीच्या मृत्यूपाशी खरी ठरली. पांडुरंगची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते. मुलांना देवी हा रोग माहीतच नव्हता. त्यांना फक्त आजीच्या चेहऱ्यावरचे वण माहीत होते. देशभर देवीच्या निर्मूलनाची मोहीम १९६२ साली सुरू झाली आणि आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. तेवढं सांगितल्यावर एकाने वही उघडली आणि विचारलं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? जमीन होती, पैसा होता, मुलगा पुण्यात शिकत होता, आणि पोरगी गेली. त्या पानांत पांडुरंगची सगळी हुशारी, सगळी टवाळी गळून पडते. शिकलेल्या भावाकडे न शिकलेल्या आईपेक्षा जास्त शब्द नसतात. आम्ही त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. वर्गाची दृष्टी कुठपर्यंत नेते आणि कुठे थांबते, ते आम्हाला त्या पानांनी शिकवलं. म्हणून या पुस्तिकेत मनीवर टिपण नाही.

शेवटच्या दोन बैठकी आम्ही शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला दिल्या. ती २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिचा नायक एकनाथ पदव्या घेतलेला आहे. पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेतीत राम उरलेला नाही. चाळीस वर्षांत गणित उलटलं. पांडुरंगकडे पदवी नाही, पण मागे जमीन उभी आहे. एकनाथकडे पदवी आहे आणि मागची जमीनच खचते आहे. आमच्या मंडळातली बहुतेक मुलं या दोघांच्या मधोमध कुठेतरी आहेत. पांडुरंगच्या घरासारखी घरं जालन्यातही होती. दोन-तीन वाटण्यांत त्यांच्या शेताचे तुकडे झाले आणि त्यांची नातवंडं आज स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतात. नापास होणं परवडणारा मुलगा आता त्या घरांतही मिळत नाही.

पुस्तिकेतली अकरा टिपणं मुलांनी लिहिली तशीच छापली आहेत. शुद्धलेखन दुरुस्त केलं, बोली नाही. दोन टिपणं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकीला पांडुरंग ढोंगी वाटतो, दुसऱ्याला तो घरातला एकटाच प्रामाणिक माणूस वाटतो. दोघांनीही पानं दाखवली आहेत, म्हणून मी निवाडा केलेला नाही. लेखक आणि नायक एकच आहेत असं समजून लिहिलेलं एक टिपण मात्र मी परत केलं. सांगवीचं नाव दोघांकडे असलं तरी स्वतःची इतकी टर उडवणारा निवेदक हा रचलेला माणूस असतो.

वाचकाला एकच विनंती आहे. ही टिपणं 'कोसला'ऐवजी वाचू नका. ग्रंथालयातून प्रत आणा, ती शेजारी उघडी ठेवा, एका वहीच्या पानाला तीन रकाने पाडा, आणि तिसरा आधी भरायचा प्रयत्न करा.